नमुन्याचा ताळा

सर्वेक्षणाचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आधी टक्केवारीवर जाते. माझी नजर जाते ती तक्त्याच्या तळाशी बारीक टायपात छापलेल्या संख्येवर. 'मुलं : १,४६४' असं काहीतरी तिथे लिहिलेलं असतं. मग मी मागची पानं उलटते आणि ही १,४६४ मुलं आली कुठून ते शोधू लागते. पद्धतीच्या प्रकरणात बहुधा एकच वाक्य सापडतं : 'अपूर्ण व अयोग्य नोंदी वगळून डेटा स्वच्छ करण्यात आला.' किती नोंदी वगळल्या, कशासाठी वगळल्या, कोणत्या क्रमाने वगळल्या, याबद्दल अवाक्षर नसतं. त्या अहवालातली टक्केवारी बरोबर असेलही. पण ती बरोबर आहे की नाही हे तपासायची वाटच वाचकाला ठेवलेली नसते.

माझं काम लहान मुलांच्या वाढीच्या नोंदींचं आहे. पथकं गावोगावी जातात, पाच वर्षांखालच्या मुलांची उंची आणि वजन घेतात, जन्मतारीख लिहून आणतात. त्या नोंदींतून वाढ खुंटलेली मुलं किती, ही एक टक्केवारी काढायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या मानकांमध्ये प्रत्येक वयाची मध्य उंची आणि तिच्याभोवतीचा नेहमीचा फरक दिला आहे. मूल त्या मध्यापासून किती प्रमाण-विचलनं वर किंवा खाली आहे, तो त्याचा झेड-स्कोअर. तो उणे २ च्या खाली गेला की मुलाची वाढ खुंटली आहे असं धरतात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ३५.५ टक्के मुलं या व्याख्येत बसली. एवढ्या एका आकड्यावर योजना बेतल्या जातात, जिल्ह्यांची तुलना होते. म्हणून तो किती मुलांमधून आला आणि किती मुलं त्याच्याबाहेर राहिली, हे सांगणं मी कामाचाच भाग मानते.

कसं सांगायचं ते एका उदाहरणातून दाखवते. यातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बेतले आहेत. पायऱ्या आणि कारणं मात्र रोजच्या कामातली आहेत.

एका भागातली २,४०० घरं निवडली. त्यातली ९७ बंद होती आणि ४१ घरांनी नकार दिला. माहिती मिळाली २,२६२ घरांची. त्यांतल्या ९४४ घरांत पाच वर्षांखालचं मूल नव्हतं, म्हणजे मुलं असलेली घरं १,३१८. इथवर आपण घरं मोजत होतो. इथून पुढे मुलं मोजायची. १,३१८ घरांत मुलांच्या नोंदी आल्या १,७४६. मोजण्याची वस्तू बदलली की ते उघड शब्दांत लिहावं लागतं. नाहीतर १,३१८ वरून संख्या १,७४६ वर चढलेली पाहून वाचक थांबतो, आणि त्याचं थांबणं रास्तच असतं.

पुढचा प्रवास असा :

नोंदवलेली मुलं : १,७४६
दुबार नोंद : २३ वगळली, उरली १,७२३
वयाची पाच वर्षं पूर्ण झालेली : ६१ वगळली, उरली १,६६२
मोजमाप झालं नाही : ११८ वगळली (घरी नव्हती ८४, नकार २२, आजारी किंवा मोजणं अशक्य १२), उरली १,५४४
जन्माचा महिना माहीत नाही : ४९ वगळली, उरली १,४९५
झेड-स्कोअर उणे ६ च्या खाली किंवा अधिक ६ च्या वर : ३१ वगळली, उरली १,४६४

या सहा ओळींना अहवालात अर्धं पानही लागत नाही. कुणीही कागद-पेन्सिल घेऊन वजाबाक्या करू शकतो, आणि ताळा जुळला की १,४६४ ही संख्या कुठून आली ते त्याला कळतं.

या यादीत १,६६२ या संख्येखाली मी नेहमी रेघ मारते. रेघेच्या वर जे गेले ते मुळात आपल्या प्रश्नात नव्हतेच : एकच मूल दोनदा लिहिलेलं होतं, किंवा वय पाचाच्या पुढे होतं. ते गेल्याने काहीही हरवलं नाही. रेघेच्या खाली जी मुलं गेली ती आपल्या प्रश्नातलीच होती. त्यांची वाढ खुंटली आहे की नाही हे आपल्याला कळायला हवं होतं आणि कळलं नाही. अशी मुलं ११८ अधिक ४९ अधिक ३१, म्हणजे १९८. 'एकूण २८२ नोंदी वगळल्या' असं एकाच दमात सांगितलं तर हे दोन वेगळे प्रकार एकाच पोत्यात जातात. सगळी वगळणूक सारखीच निरुपद्रवी वाटू लागते, किंवा सारखीच संशयास्पद. पात्र मुलांपैकी ८८.१ टक्के मुलांची वापरता येण्याजोगी नोंद मिळाली, हे वाक्य लिहायला ती रेघ लागते.

पात्रतेचे नियमही संस्थेगणिक बदलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या टक्केवारीत आदल्या रात्री त्या घरात झोपलेली मुलं धरतात. मामाकडे आलेलं मूल मोजलं जातं आणि मामाकडे गेलेलं मूल आपल्या घरच्या यादीतून सुटतं. दुसऱ्या एखाद्या सर्वेक्षणात त्या घरी नेहमी राहणारी मुलं धरतात. दोन्ही पद्धती चालतात. पण कोणती धरली आणि तिच्यामुळे किती मुलं आत-बाहेर झाली हे लिहिलं नाही, तर दोन अहवालांमधला फरक मुलांच्या तब्येतीचा आहे की नियमाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता क्रमाकडे वळू. वरच्या यादीत जन्ममहिना नसलेली मुलं ४९ दिसतात. ती खरं तर ६४ होती. त्यातल्या १५ जणांचं मोजमापही झालं नव्हतं, त्यामुळे ती आधीच्या ओळीत गेली. मी आधी जन्ममहिना तपासला असता तर ६४ गेली असती आणि मोजमापाच्या ओळीत ११८ ऐवजी १०३ राहिली असती. शेवटी उरणारी मुलं दोन्ही वाटांनी १,४९५ च. म्हणजे क्रम बदलल्याने नमुना बदलत नाही, पण 'जन्मतारखेचा प्रश्न किती मोठा' याचं उत्तर बदलतं. आरोग्य अधिकारी हाच प्रश्न विचारतात, कारण जन्मनोंदणीची मोहीम घ्यायची की मोजमापाला पुन्हा पथक धाडायचं हे त्यावर ठरतं. म्हणून मी प्रत्येक कारणासमोर दोन संख्या देते : ते कारण एकूण किती मुलांना लागू होतं, आणि या क्रमात त्या कारणाने किती मुलं वगळली गेली. क्रम आधी ठरवून लिहून ठेवते, निकाल पाहून नाही.

हे सगळं जमण्यासाठी एक सवय लागते : नोंद पुसायची नाही. पुसली की ती का गेली हे तिच्याबरोबरच जातं. त्याऐवजी प्रत्येक नोंदीसमोर कारणाचा एक रकाना ठेवायचा. आर या भाषेत ते इतकं छोटं काम आहे :

```r
d <- d |> mutate(reason = case_when(
  dup                ~ "1_duplicate",
  age_years >= 5     ~ "2_age_5plus",
  is.na(height)      ~ "3_not_measured",
  is.na(birth_month) ~ "4_no_birth_month",
  haz < -6 | haz > 6 ~ "5_flagged",
  TRUE               ~ "0_kept"))
count(d, reason)
```

अटी वरून खाली तपासल्या जातात आणि जी आधी लागू पडते तिचं कारण चिकटतं, म्हणजे क्रमही इथेच लिहिला गेला. शेवटच्या ओळीतून सगळी यादी मिळते आणि तिची बेरीज १,७४६ यायलाच हवी. ती आली नाही तर मी पुढे जात नाही.

पुसण्याच्या सवयीत आणखी एक धोका आहे, आणि तो सॉफ्टवेअरगणिक वेगळा असतो. स्टाटामध्ये रिकामी जागा ही कोणत्याही संख्येपेक्षा मोठी समजली जाते. त्यामुळे तिथे

```stata
drop if haz > 6
```

असं लिहिलं की ६ च्या वरच्या नोंदी तर जातातच, पण ज्यांचा झेड-स्कोअरच निघाला नाही अशी सगळी मुलंही त्याच ओळीत गुपचूप जातात. 'अशक्य उंची' या कारणाखाली मग अशी मुलं मोजली जातात ज्यांची उंची कुणी घेतलेलीच नाही. आरमधल्या `filter(haz <= 6)` ने वाट उलटी घेतली तरी शेवट तोच : रिकाम्या नोंदी कोणतीही सूचना न देता गळतात. दोन्हीकडे उरलेली मुलं योग्य असू शकतात, पण कारणांची यादी खोटी होते. ही चूक ओळखायची खूण साधी आहे. त्या ओळीच्या आधी आणि नंतर किती नोंदी होत्या ते मोजा, आणि फरक आपण हाताने मोजलेल्या ६ च्या वरच्या नोंदींइतकाच आहे का ते पाहा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या खुल्या डेटाफायलींमध्ये उलट दिशेचा खड्डा आहे. तिथे उंची-वयाचा झेड-स्कोअर `hw70` या रकान्यात शंभराने गुणून ठेवलेला असतो, म्हणजे उणे २ च्या जागी उणे २००. ज्या मुलांचा स्कोअर मर्यादेबाहेर गेला त्यांच्यासमोर ९९९८ हा संकेतांक असतो. नवखा विश्लेषक 'उणे २०० पेक्षा कमी म्हणजे वाढ खुंटलेली, बाकीची ठीक' असं लिहितो. ९९९८ ही संख्या उणे २०० पेक्षा अर्थातच मोठी आहे, त्यामुळे ही संशयास्पद मुलं 'ठीक' मुलांत जाऊन बसतात आणि छेदात मोजली जातात. आपल्या उदाहरणात १,४६४ पैकी ५२७ मुलांची वाढ खुंटलेली आहे असं धरलं तर टक्केवारी ३६.० येते. ती ३१ मुलं छेदात राहिली तर तीच टक्केवारी ३५.३ होते. फरक छोटा दिसतो, पण जिल्ह्यांची क्रमवारी लावताना एवढ्यावरच जागा बदलतात. छेद १,४६४ ऐवजी १,४९५ छापला गेला असेल तर यादी शेजारी असलेला वाचक ही चूक एका नजरेत पकडतो.

त्या ३१ मुलांपाशी थोडं थांबते, कारण यादीतली सर्वांत बोलकी ओळ तीच आहे. अधिक-उणे ६ ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची आहे. इतकं टोकाचं मूल जगात नसतंच असा तिचा दावा नाही. इतका टोकाचा आकडा बहुतेक वेळा मोजण्यातल्या किंवा लिहिण्यातल्या चुकीचा असतो, एवढंच ती म्हणते. चूक कुठे झाली याचा माग नोंदीतच सापडतो. समजा, एका मुलीचं वय १४ महिने आणि उंची ९६ सेंटिमीटर लिहिली आहे. १४ महिन्यांच्या मुलींची मध्य उंची ७६ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे तिचा स्कोअर अधिक ७ च्या पुढे जातो आणि ती वगळणुकीत येते. पण तिचं वजन तिच्या उंचीच्या मानाने अगदी बरोबर आहे. उंचीच्या मानाने वजन पाहताना नेमकं वय लागत नाही. मग उंची आणि वजन दोन्ही एकमेकांशी जुळतात आणि फक्त वयाशी उंची जुळत नाही, याचा अर्थ गडबड वयात आहे. उलट दोन्ही स्कोअर टोकाला गेले असते तर संशय उंचीवर घेतला असता.

अशा वेळी मी क्षेत्रातल्या पर्यवेक्षकांना फोन लावते. "दादा, या घराचा मूळ फॉर्म काढता का? जन्मसाल काय लिहिलंय बघा." ते फॉर्म काढतात, माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो असेल तर तोही बघतात. "मॅडम, कार्डावर दोन वर्षं आधीचं साल आहे. टॅबवर भरताना चुकलंय." वय ३८ महिने झालं. त्या वयाची मध्य उंची ९६ सेंटिमीटरच्या जवळच आहे. मुलगी अगदी मध्यावर बसली. ही नोंद आता वगळायची नाही, सुधारायची. पण सुधारलेल्या नोंदींचाही वेगळा हिशेब लागतो : किती नोंदी बदलल्या, कोणत्या कागदाच्या आधारे, जुना आकडा काय आणि नवा काय. कागद मिळाला नाही तर नुसत्या अंदाजाने साल बदलायचं नाही, कारण मग आपण मुलांना मध्याकडे ओढत राहतो आणि डेटा खऱ्यापेक्षा नीटस दिसू लागतो. जन्माचा महिना आणि साल माहीत आहे पण दिवस नाही, अशा मुलांसाठी १५ तारीख धरतात. ती किती मुलांसाठी धरली हेही मी लिहिते. आपल्या यादीतली ३१ मुलं ही सगळी तपासणी होऊनही उरलेली आहेत.

१,४९५ पैकी ३१ म्हणजे २.१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मर्यादेबाहेरचे स्कोअर १ टक्क्यापेक्षा जास्त असतील तर मोजमापाचा दर्जा खालावला आहे असं समजावं. म्हणजे ही ओळ आपल्याच कामाबद्दल इशारा देते आहे. मग मी ती ३१ मुलं पथकांप्रमाणे वाटून पाहते. समजा, त्यातली १९ एकाच पथकाची निघाली. त्या पथकाने मोजलेली बाकीची मुलं ६ च्या आत आहेत म्हणून ती बरोबर मोजली असं होत नाही. ज्या हाताने १९ टोकाच्या चुका केल्या, त्याच हाताने लहान चुका कितीतरी जास्त केल्या असणार, आणि त्या सगळ्या नमुन्यात आहेत. अशा चुका स्कोअरचा पसारा वाढवतात. पसारा वाढला की उणे २ च्या खाली जाणारी मुलंही वाढतात आणि टक्केवारी फुगते. वगळणुकीच्या यादीची मर्यादा इथेच आहे. बाहेर काय गेलं ते ती सांगते, आत काय राहिलं ते नाही. पण कुठे शोधायचं हे तिच्यामुळेच कळतं. ३१ चा आकडा छापला नसता तर पथकाचा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

मोजमापाच्या ओळीनंतर यादीला एक फाटा फुटतो, आणि तोही दाखवावा लागतो. उंचीच्या मानाने वजन पाहताना जन्ममहिना नसलेली ४९ मुलं वगळायचं कारण नाही. मोजमाप झालेल्या १,५४४ मधून वजनाची नोंद नसलेली ४ आणि या निर्देशांकाच्या अधिक-उणे ५ या मर्यादेबाहेरची ९ गेली, की कृश मुलांच्या टक्केवारीचा छेद होतो १,५३१. म्हणजे एकाच अहवालात दोन तक्त्यांखाली दोन वेगळे छेद येणार, आणि दोन्ही बरोबर असणार. फाटा दाखवलेला नसेल तर सावध वाचकाला हा गोंधळ वाटतो. मग लेखक तो टाळायला सगळीकडे लहानात लहान छेद वापरतो आणि हाताशी आलेली माहिती फुकट घालवतो.

शेवटची गळती सगळ्यांत मुकी. टक्केवारीच्या पुढे जाऊन आईचं शिक्षण, घराची परिस्थिती आणि मुलाची वाढ यांचं समीकरण मांडायला घेतलं, की ज्या नोंदीत एकही घटक रिकामा आहे ती नोंद सॉफ्टवेअर आपणहून सोडून देतं. १७ मुलांच्या आईचं शिक्षण लिहिलेलं नसेल तर समीकरण १,४४७ मुलांवर चालतं. आर ही गोष्ट निकालाच्या तळाशी एका कंसात सांगतो आणि ती ओळ अहवालात कुणी उतरवत नाही. समीकरणात घटक वाढवत नेले की प्रत्येक रकान्याचा छेद वेगळा होतो. मग आईचं शिक्षण धरल्यावर गुणांक बदलला तो शिक्षणामुळे की मुलं बदलल्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून यादीची शेवटची ओळ समीकरणापर्यंत न्यायची : १,४६४ मधून १७, उरली १,४४७.

नुसती अंतिम संख्या छापली, ती कशी आली ते दाखवलं नाही, तर काय होतं याचं एक उदाहरण अर्थशास्त्रात सगळ्यांसमोर घडलेलं आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली वीस प्रगत देशांच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आकडेवारीवरून एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या वर्षांत सरासरी वाढ उणे ०.१ टक्का असते, असं त्यात होतं. या गटात किती नोंदी आहेत तेही त्यांनी छापलं होतं : ९६. एक देश आणि एक वर्ष मिळून एक नोंद. मॅसेच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला ते गणित पुन्हा करून पाहायचं होतं, पण निकाल जुळेना. मूळ स्प्रेडशीट मागून घेतल्यावर उलगडा झाला, आणि २०१३ मध्ये त्याने मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांच्यासह तो मांडला.

उपलब्ध आकडेवारीत या गटातल्या नोंदी ११० होत्या. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाची १९४६ ते १९५० ही प्रत्येकी पाच वर्षं आणि न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही चार वर्षं वगळलेली होती; म्हणून उरल्या ९६. पण सरासरीच्या सूत्रात शेवटच्या काही ओळी घेतल्याच गेल्या नव्हत्या आणि त्यामुळे पाच देश बाहेर राहिले होते. त्यातल्या बेल्जियमची या गटातली २५ वर्षं गळली. प्रत्यक्ष गणित झालं ते ७१ नोंदींवर. शिवाय प्रत्येक देशाला सारखं वजन दिल्यामुळे न्यूझीलंडचं उरलेलं एकच वर्ष, १९५१, उणे ७.६ टक्के वाढीचं, ब्रिटनच्या १९ वर्षांच्या बरोबरीला बसलं. न्यूझीलंडची पाचही वर्षं धरली तर त्या देशाची सरासरी अधिक २.६ येते. सगळं धरून हिशेब केल्यावर गटाची सरासरी आली अधिक २.२ टक्के. मूळ लेखकांनी सूत्राची चूक मान्य केली. वगळणूक आणि वजनाबद्दलचा आक्षेप त्यांना मान्य नव्हता.

त्या वादात कोणाची बाजू घ्यायची हा इथला प्रश्न नाही. मला दिसतं ते एवढंच : निबंधात '११०, त्यातून अमुक देशांची अमुक १४ वर्षं या कारणासाठी वगळली, उरली ९६' अशी एक ओळ असती तर वगळणुकीचा वाद २०१० मध्येच उघडपणे झाला असता. आणि प्रत्येक सरासरी किती नोंदींवरून निघाली ते सूत्राशेजारीच मोजलं असतं तर ९६ च्या जागी ७१ दिसले असते. छापलेली संख्या आणि गणितात शिरलेली संख्या एकच आहे का, हे संगणकाकडूनच मोजून घ्यावं. टिपणातून उतरवू नये.

यादी पूर्ण झाल्यावर मी एक शेवटचं काम करते. पात्र असून न मिळालेल्या १९८ मुलांमुळे निकाल किती हलू शकतो ते पाहते. त्यातल्या एकाचीही वाढ खुंटलेली नसेल तर टक्केवारी १,६६२ पैकी ५२७, म्हणजे ३१.७. सगळ्यांची खुंटलेली असेल तर १,६६२ पैकी ७२५, म्हणजे ४३.६. ही दोन्ही टोकं प्रत्यक्षात संभवत नाहीत, पण आपल्या ३६.० भोवतीचं अज्ञान किती रुंद आहे ते ती दाखवतात. मग मी आतल्या आणि बाहेरच्या मुलांची तुलना लिहिते : आईचं शिक्षण, पाडा की गाव, घरी जन्म की दवाखान्यात. जन्मतारखेचा कागद नसलेलं घर आणि दवाखान्यापासून लांबचं घर हे पुष्कळदा एकच असतं. तसं निघालं तर ४९ मुलं वगळण्याचा अर्थ आपण गरीब घरं वगळली असा होतो, आणि टक्केवारी खऱ्यापेक्षा बरी दिसते. हे टक्केवारीच्या शेजारीच लिहायला हवं.

निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत याची 'स्ट्रोब' नावाची २२ कलमांची यादी २००७ पासून वापरात आहे. तिचं तेरावं कलम हेच मागतं : प्रत्येक टप्प्यावर किती जण होते ते सांगा, कमी का झाले ते सांगा, आणि जमल्यास आकृती द्या. आधीच गोळा झालेल्या नोंदींवर काम करणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये 'रेकॉर्ड' ही तिची पुरवणी आली, आणि तिने डेटाच्या दर्जावरून केलेली गाळणीही सविस्तर सांगायला लावली. नियम आहेत, ते पाळायला वेगळं साधन लागत नाही.

अहवाल लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे : पहिल्या तक्त्याच्या आधी ही यादी छापा. आणि वाचणाऱ्यांना सांगणं आहे की, कोणतीही टक्केवारी मान्य करण्याआधी सुरुवातीची संख्या शोधा, मधल्या वजाबाक्या करून पाहा आणि शेवटचा छेद जुळतो का बघा. यादी दिलेलीच नसेल तर लेखकाला पत्र लिहून ती मागा. तो तुमचा हक्क आहे.